विसर्जन म्हणजे बुडवणं नव्हे

प्रश्न: "विसर्जन या शब्दाचा अर्थ बुडवणे असा आहे का? मग सभा कशी विसर्जित होते? आणि माझी मुलगी विचारते, ज्याची इतके दिवस पूजा केली त्या बाप्पाला आपण पाण्यात का टाकतो? तिला काय सांगू?"

विसर्जन या शब्दात पाण्याचा थेंबही नाही. धातू आहे सृज्, म्हणजे सोडणे, मोकळं करणे. त्याला 'वि' हा उपसर्ग लागला, तो इथे 'दूर, वेगळं' या अर्थाचा. विसर्जन म्हणजे सोडून देणं, निरोप देणं. जमलेल्या लोकांना जायला मोकळीक दिली की सभा विसर्जित झाली. अक्षराच्या शेवटी श्वास सोडतो तो विसर्ग. पावसाळ्यात बातमी येते, 'खडकवासल्यातून मुठेत विसर्ग वाढवला', तिथेही कुणी काही बुडवत नसतं, धरणात अडवलेलं पाणी सोडत असतात.

याच धातूपासून सर्जन आणि सृष्टी हे शब्द आले, त्यामुळे 'विसर्जन म्हणजे विशेष सर्जन' असा एक निरोप दरवर्षी फिरत असतो. तो कानाला गोड आहे, पण खरा नाही. गंमत उलट दिशेने आहे. सृज् चा मूळ अर्थच सोडणे. निर्माण करणे हा अर्थ 'आपल्यातून बाहेर सोडणे' यावरून आला. मुंडकोपनिषदात कोळ्याचा दाखला आहे, 'यथोर्णनाभिः सृजते गृह्णते च'. कोळी आपल्यातून धागा सोडतो आणि परत घेतो, तिथे सोडणं म्हणजेच घडवणं.

बुडवण्यासाठी संस्कृतात वेगळा शब्द आहे, निमज्जन. आपण 'कामात निमग्न' म्हणतो तो त्याच्याच घरचा. हैदराबादला तेलुगू माणूस गणपतीच्या या विधीला निमज्जनमच म्हणतो, म्हणजे त्याने पाण्यातली क्रिया पकडली. आपण निरोप पकडला. बोलीतही तेच दिसतं. कोकणात गणपती 'पोचवायला' जातात, गौरी-गणपतीची 'बोळवण' होते. पोचवतो पाहुण्याला, बोळवण करतो सासरी निघालेल्या लेकीची. (हल्ली बोळवण हा शब्द 'आश्वासनावर बोळवण' अशाच जागी जास्त दिसतो, ही वेगळी हळहळ.)

आता मुलीचा प्रश्न. तिला आधी हे सांगा की बाप्पाचं विसर्जन पाण्यात होतच नाही, ते घरीच झालेलं असतं. चतुर्थीला पूजा सांगणारे गुरुजी प्राणप्रतिष्ठा करतात, दूर्वेने किंवा हाताने मूर्तीच्या हृदयाला स्पर्श करून देवाला तिच्यात येऊन बसायला सांगतात. त्याआधी ती फक्त मूर्ती असते, चित्रशाळेतून टोपीने किंवा रुमालाने तोंड झाकून आणलेली. निघायच्या दिवशी उत्तरपूजा होते. गंध, फुलं, दहीपोह्यांचा नैवेद्य, आरती, आणि मग मूर्तीवर अक्षता टाकत म्हणायचं:

यान्तु देवगणाः सर्वे पूजामादाय पार्थिवीम् ।
इष्टकामप्रसिद्ध्यर्थं पुनरागमनाय च ॥

सर्व देवांनी ही पूजा घेऊन आता जावं, आमची इच्छा पुरी व्हावी म्हणून आणि पुन्हा येण्यासाठी. एवढं म्हणून मूर्ती जागची किंचित हलवतात. विसर्जन झालं. आमच्याकडे आई त्या क्षणी मूर्तीच्या हातावर दही ठेवायची, परीक्षेला निघालेल्या आमच्या तळहातावर ठेवायची तसंच.

खात्री पटत नसेल तर सत्यनारायण आठवून बघा. तांदळावर सुपारी मांडून तिला गणपती म्हणतो, साग्रसंगीत पूजा करतो, शेवटी हाच श्लोक म्हणून अक्षता टाकतो, आणि ती सुपारी पुन्हा डब्यात जाते. त्या गणपतीचंही विसर्जन झालं, कुठे पाणी लागलं? घरात धातूची मूर्ती बसवणारेही उत्तरपूजा करून ती परत देव्हाऱ्यात ठेवतात. आणि देवळातल्या मूर्तीला निरोप नसतोच, कारण तिथली प्रतिष्ठा कायमची असते.

मग मातीची मूर्ती पाण्यात का? याचं उत्तर श्लोकाच्या पहिल्या ओळीतल्या शेवटच्या शब्दाला धरून आहे, 'पार्थिवीम्'. भाद्रपदातल्या या पूजेचं नावच पार्थिव गणेशपूजन. पार्थिव म्हणजे पृथ्वीचं, मातीचं. मूर्ती या पूजेपुरतीच घडवायची आणि पूजा संपली की तिची माती परत द्यायची, असा बेतच आहे. देव निघून गेल्यावर उरलेली मूर्ती टाकाऊ म्हणून कोपऱ्यात पडू नये, तिच्यावर धूळ बसू नये, यासाठी पाणी. वर्तमानपत्रात 'पार्थिवावर अंत्यसंस्कार' असं छापतात तो हाच शब्द. मूर्तीलाही तो लागतो आणि राहणारा निघून गेल्यावर मागे उरलेल्या देहालाही. मुलगी मोठी असेल तर तिला हे एवढं सांगितलं तरी पुरे, बाकीचं तिचं ती जोडेल.

म्हणूनच प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती मला शब्दाच्या अंगानेही खटकते. ती पार्थिव म्हणवते, पण परत माती होत नाही. शाडूची मूर्ती न भाजता नुसती वाळवलेली असते. पाणी आत शिरलं की बारीक बुडबुडे येतात, आधी कान आणि बोटं सुटतात, मग सोंड, आणि बहुतेक वेळा सकाळपर्यंत तळाशी राखाडी गाळ उरतो. प्लास्टर पाण्यात कालवल्यावर घट्ट होऊन बसलेलं असतं, ते पुन्हा पाण्यात ठेवलं तरी सुटत नाही. एका वर्षी आम्हाला शाडूची म्हणून दिलेली नऊ इंची मूर्ती चार दिवस बादलीत तशीच बसून होती, फक्त सोवळ्याचा रंग गेला. तेव्हापासून मी घेताना मूर्ती उलटी करून न रंगवलेल्या बुडाला ओलं बोट लावतो. शाडू असेल तर चिकट होऊन बोटाला राखाडी लागते. प्लास्टर पाणी पितं, पण कडकच राहतं. शिवाय ते पांढरं असतं आणि आकाराच्या मानाने हलकं लागतं.

राहिला वापराचा प्रश्न. 'गणपतीचं विसर्जन' आणि 'मूर्तीचं विसर्जन' दोन्ही बरोबर आहेत. पहिल्यात देवाला निरोप आहे, दुसऱ्यात मातीला पाण्यात सोडणं आहे, अस्थिविसर्जनात असतं तसं. या दुसऱ्या अर्थाची सवय इतकी झाली आहे की विसर्जन म्हटलं की डोळ्यांसमोर घाटच येतो. कोशात तो अर्थ द्यायला माझी हरकत नाही, फक्त तो पहिला देऊ नये.

मुलीला जमलं तर यंदा बादलीतच करू द्या. नदीवरून येताना चिमूटभर वाळू आणून रिकाम्या पाटावर ठेवायची रीत बऱ्याच घरांत आहे. बादली केलीत तर वाळूऐवजी तोच गाळ ठेवा. उरलेला आम्ही कुंडीत घालतो, पण नुसताच नाही, मातीत मिसळून. शाडूचा थर वाळला की कडक होतो आणि तुळशीला पाणी मुरत नाही.