प्राण्यांच्या क्लिनिकच्या अर्जात केस आणि मालकांशी बोलणं कसं दाखवावं?

बी.व्ही.एस्सी. झालंय, ठाण्यातल्या क्लिनिकला अर्ज करतेय. केस हाताळणं आणि घाबरलेल्या मालकांशी बोलणं अर्जात कसं दाखवू?

एकच केस निवडा आणि पाच-सहा ओळींत नीट उलगडा. लघवी तुंबलेला बोका त्यासाठी फार चांगला, कारण मालक बऱ्याचदा 'शी होत नाहीये' असं सांगूनच फोन करतात. असं लिहा: "बोका ट्रेमध्ये सारखा कुंथत होता. लघवीचा थेंबही नाही हे फोनवर विचारून घेतलं आणि लगेच बोलावलं. मूत्राशय टणक लागलं, हृदयाचे ठोके मंद होते; म्हणून आधी ईसीजी आणि पोटॅशियम पाहिलं, कॅल्शियम ग्लुकोनेट दिलं, मग भूल देऊन कॅथेटर घातला." हा क्रम का, तेही सांगा: पोटॅशियम खूप वाढलेलं असताना भूल दिली तर हृदय थांबू शकतं. सीनियर डॉक्टरांनी केलेलं काम मात्र स्वतःच्या नावावर लिहू नका. मुलाखतीत डोस विचारला की लगेच उघडं पडतं.

मालकांशी बोलण्याबद्दल 'संवादकौशल्य उत्तम' एवढंच लिहून काही कळत नाही. बोललेलं वाक्यच द्या: "काकू, मार्ग मोकळा झालाय, पण पहिल्या काही दिवसांत पुन्हा तुंबू शकतो. घरी ट्रे बघत राहा. कुंथतोय आणि लघवी नाही असं दिसलं तर रात्रीही थांबू नका, घेऊन या." खर्चाचा अंदाज कॅथेटर घालण्याआधी सांगितला असेल, तर तेही लिहा.