ट्रॅक्शनचा पाठ: आधी अंगठा, मग पिन

अगं, नर्सिंगच्या मुलींना ट्रॅक्शन शिकवायचा तुझा आराखडा पाहिला; त्यातली गुंतागुंतींची लांबलचक यादी पहिल्या तासाला बाजूला ठेव. एकच पेशंट घे: अक्कलकोट रस्त्यावर गाडीवरून पडलेला, मांडीचं हाड मोडलेलं, गुडघ्याखाली नडगीच्या हाडातून पिन आणि पाय ओढून धरायला तिला टांगलेलं वजन. मुली पिनकडेच बघत बसतात (मीही बसायचे). तेवढ्यात पाय बाहेर कलंडतो आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस स्प्लिंटवर दाबली जाते. म्हणून आधी म्हणायचं, "काका, पायाचा अंगठा वर ओढा." जमेना, तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. मग पिन: पहिले दोन-तीन दिवस थोडं पातळ पाणी चालतं; पू, वाढती लाली, वाढतं दुखणं किंवा हलणारी पिन चालत नाही. चादर बदलताना वजन उचलून पलंगावर ठेवायचं नाही, हे मात्र दहादा सांग.