पोट रिकामं असूनही सारखं संडासला का पळावं लागतं

तुझा मेसेज वाचला. दिवसातून दहा-बारा वेळा धावत जायचं, कुंथत बसायचं, आणि बाहेर काय तर चमचाभर आव नि थोडं रक्त, परत उठलं की पाच मिनिटांत पुन्हा तेच. याला तू जुलाब म्हणतोयस, पण हे जुलाब नाहीत, याला टेनेस्मस म्हणतात आणि कारण वेगळं आहे.

गुदद्वाराच्या जरा वर आतड्याचा शेवटचा १२-१५ सेंमीचा भाग असतो, रेक्टम. त्याचं काम मल साठवायचं. निरोगी असला की तो फुग्यासारखा सैल होत जातो, बऱ्यापैकी भरला की मगच मेंदूला निरोप जातो, आणि तोही थोपवता येतो. तुझ्या स्कोपीच्या रिपोर्टमध्ये सूज फक्त रेक्टममध्येच आहे, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणणाऱ्या आजाराचा प्रॉक्टायटिस प्रकार. सुजलेली भिंत कडक होते, ताणतच नाही, त्यात तिथल्या नसा इतक्या हळव्या होतात की जरासा गॅस किंवा चमचाभर आव आली तरी मेंदूला वाटतं की रेक्टम गच्च भरलाय. आणि सूज स्वतःच आव तयार करत राहते, म्हणून जाऊन आलास तरी ती भावना संपत नाही, कारण जे टोचतंय ते मल नाहीच, भिंतच आहे.

म्हणूनच जोर लावू नकोस, आत काढण्यासारखं काही नसतं आणि सुजलेल्या अस्तरातून रक्त मात्र जास्त जातं. आणि जुलाब थांबवायची गोळी स्वतःहून घेऊ नकोस. प्रॉक्टायटिसमध्ये बऱ्याच जणांना वर खडा मल अडकलेला असतो, खाली घाई आणि वर बद्धकोष्ठ, त्यात ती गोळी अजून अडकवते. सूज जोराची असेल तर मोठं आतडं फुगून जीवावरही बेतू शकतं.

डॉक्टरांनी मेसालाझीन या सूज कमी करणाऱ्या औषधाची सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून आत सरकवायची गोळी दिलीय ना, ती टाळू नकोस. लाज वाटते हे समजतं, पण पोटातून घेतलेलं औषध रेक्टमपर्यंत कमी पोचतं, सपोझिटरी थेट सुजेवर बसते. रात्री झोपायच्या आधी संडासला जाऊन ये, मग कुशीवर झोपून आत सरकव आणि उठू नकोस. सुरुवातीला घाईमुळे ती लगेच बाहेर पडू शकते, तसं होत असेल तर डॉक्टरांना सांग, ते दुसरा प्रकार देऊन बघतील. रक्त आधी कमी होतं, घाई बऱ्याचदा नंतर, म्हणून मधेच सोडू नकोस.

अजून एक, औषध चालू असताना अचानक त्रास वाढला तर आधी मलाची तपासणी करून घे, आपल्याकडे अमिबा नि इतर जंतूही अगदी हीच लक्षणं देतात. आणि रक्त पडत दिवसातून सहा किंवा जास्त वेळा जावं लागत असताना त्यात ताप आला, छातीची धडधड वाढली किंवा पोट फुगून दुखायला लागलं तर उद्याची अपॉइंटमेंट बघत बसू नकोस, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठ.