निदानापुढचं प्रश्नचिन्ह आणि आयसीडी कोड

"डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी '? डेंग्यू' एवढंच लिहिलंय. एमआरडीत कोड डेंग्यूचा टाकू की नुसत्या तापाचा?"

सोलापुरातल्या एका रुग्णालयाच्या एमआरडीत, म्हणजे पेशंटच्या नोंदी ठेवणाऱ्या विभागात, मी हेच काम करतो. पावसाळ्यात असली प्रश्नचिन्हं रोजचीच.

केसपेपरवरचं प्रश्नचिन्ह सोडून द्या, तो पहिल्या दिवशीचा अंदाज असतो. डिस्चार्ज कार्डावरही ते असेल तर आयसीडी-10 च्या, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या कोड-यादीच्या, दुसऱ्या खंडातला नियम सरळ आहे: भरती पेशंटचं मुख्य निदान संशयित म्हणून लिहिलंय आणि पुढचा काही खुलासाच नाही, तर ते पक्कं धरून कोड द्यायचा. म्हणजे डेंग्यूच. पण खुलासा नाही असं म्हणायला आधी अख्खी फाइल उलटावी लागते.

गेल्या वर्षी विडी घरकुलकडचा एक यंत्रमाग कामगार आला होता. सहा दिवसांचा ताप, प्लेटलेट 92 हजार, केसपेपरवर '? डेंग्यू'. डेंग्यूची एनएस1 चाचणी निगेटिव्ह आली म्हणून आमच्या नव्या मुलीनं लगेच R50.9, म्हणजे कारण न कळलेला ताप, टाकला. मी थांबवलं. एनएस1 पहिल्या चार-पाच दिवसांत जास्त सापडते, सहाव्या दिवशी निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही असं होत नाही. तेव्हा आयजीएम, म्हणजे अँटिबॉडीची चाचणी, बघायची. तीही निगेटिव्ह होती! तरी डिस्चार्ज कार्डावर '? डेंग्यू' तसंच, कारण रेसिडेंटनं केसपेपरवरून उतरवलं होतं. पेशंट घरी गेल्यावर दोन दिवसांनी ब्लड कल्चर आलं: साल्मोनेला टायफी.

तरीही टायफॉइडचा A01.0 मी आपल्या मनानं टाकला नाही. रिपोर्टवरून निदान करणं कोडरचं काम नव्हे. डॉक्टरांना क्वेरी पाठवली: 'कल्चरचा रिपोर्ट आलाय, सोबत जोडलाय. अंतिम निदान काय धरायचं?' 'टायफॉइड लिहू का?' असं मुद्दाम विचारलं नाही, कारण घाईत असलेला माणूस 'हो' म्हणून मोकळा होतो. त्यांनी कार्डावर दुरुस्ती करून सही-तारीख घातली, मग कोड बदलला.

डेंग्यूच ठरला, तर A90 टाकू नका. 2016 च्या आवृत्तीत A90 आणि A91 जाऊन A97 आला: धोक्याची लक्षणं नसतील तर A97.0, असतील तर A97.1, गंभीर असेल तर A97.2. नेटवर शोधलं की A90 वर येतो, कारण अमेरिकेची आवृत्ती वेगळी आहे आणि तिथं तो अजून चालतो. आमच्या सॉफ्टवेअरच्या यादीतही कित्येक दिवस तोच पहिला होता.

तुमच्याकडे प्रश्नचिन्हापलीकडे खरंच काही नसेल तर A97.9. पण त्याआधी लॅबला फोन करून या पेशंटचा एखादा रिपोर्ट यायचा राहिलाय का, ते विचारा.