‘रीसेट’ दाबण्याआधी : कॉलचा आवाज आणि सोबत पुसलं जाणारं बाकीचं

प्रश्न : घरातून फोन केला की समोरच्याला माझं बोलणं तुटक ऐकू जातं. रस्त्यावर आलो की ठीक. दुकानदार म्हणतो, नेटवर्क सेटिंग्ज रीसेट करा. करू का?

अजून नको. जागा बदलली की आवाज सुधारतो, म्हणजे फोन बहुधा धडधाकट आहे. माझा पहिला संशय वाय-फाय कॉलिंगवर. ते चालू असलं की साधा कॉलसुद्धा टॉवरऐवजी घरच्या राउटरमधून जातो. आतल्या खोलीत वाय-फायची एखादीच कांडी उरते, तरी फोन त्यालाच चिकटून राहतो. मग आवाजाचे तुकडे उशिरा पोहोचतात, आणि उशिरा आलेला तुकडा वाजवला जात नाही. समोरच्याला नेमकी तेवढी अक्षरं गाळलेली ऐकू येतात. त्याच वेळी घरातलं कुणी फोटोंचा बॅकअप चढवत असेल, तर आणखीच वाईट.

त्याच खोलीतून दोन कॉल करा, एक वाय-फाय चालू ठेवून आणि दुसरा बंद करून. बंद केल्यावर सुधारलं, तर सिमच्या सेटिंगमधलं Wi-Fi Calling तेवढं बंद करा. यात काहीही पुसलं जात नाही. बंद करूनही तुटत असेल, तर त्या खोलीत टॉवरचा सिग्नलच कमी पडतोय. रीसेटने तो वाढणार नाही.

प्रश्न : कानाला लावला की समोरचा कुजबुजल्यासारखा वाटतो, स्पीकरवर मात्र खणखणीत. नेटवर्क रीसेट करून पाहिलं. फरक शून्य, उलट वाय-फायचे पासवर्ड गेले!

जाणारच होते. स्पीकरवर स्वच्छ ऐकू येतंय याचा अर्थ आवाज फोनपर्यंत नीट पोहोचतोय, अडतोय तो कानाजवळच्या बारीक जाळीत. तिथे धूळ आणि मळ साचतो. कोरड्या, मऊ ब्रशने हलक्या हाताने झाडा. टाचणी घालू नका, जाळी फाटते. नवा स्क्रीनगार्ड लावल्यानंतर हे सुरू झालं असेल, तर त्याची कड जाळीवर आली आहे का तेही बघा.

तक्रार उलटी असेल, म्हणजे तुमचाच आवाज दबका जात असेल, तर फोनच्या व्हॉइस रेकॉर्डरमध्ये चार वाक्यं बोलून ऐका. तिथेही दबकाच आला, तर दोष माइकचा किंवा त्याचं भोक झाकणाऱ्या कव्हरचा.

प्रश्न : मग नेटवर्क रीसेट करायचं तरी कधी? आणि त्यात नक्की काय जातं? फोटो, नंबर?

फोटो, नंबर, मेसेज, ॲप यांना धक्का लागत नाही. साठवलेली वाय-फाय नावं व पासवर्ड जातात, स्वतः भरलेलं व्हीपीएन आणि एपीएन जातं. अँड्रॉइडवर ब्लूटूथच्या जोड्याही जातात, म्हणजे गाडी, इअरबड, घड्याळ सगळं पुन्हा जोडायचं. आयफोनवर तुम्ही ठेवलेलं फोनचं नाव जाऊन नुसतं ‘iPhone’ उरतं. काही अँड्रॉइड फोनवर हल्ली वाय-फाय-ब्लूटूथ आणि मोबाइल नेटवर्क यांचे रीसेट वेगळे असतात. कॉलसाठी आधी मोबाइलवालाच वापरा, पासवर्ड वाचतील.

खरी भीती ई-सिमची. अँड्रॉइडच्या त्याच पडद्यावर कधी ई-सिम पुसण्याची चौकट असते, कधी यादीत शेजारीच Erase eSIMs अशी ओळ. तिकडे बोट गेलं की नंबर बंद, आणि कंपनीकडून ई-सिम पुन्हा मिळेपर्यंत बँकेचा ओटीपीसुद्धा नाही. तिथे घाई नको.

माझा नियम साधा आहे. विमान मोड अर्धा मिनिट चालू ठेवून बंद केला, फोन रीस्टार्ट केला, सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून बघितलं. तिथे त्याच जागी आवाज स्वच्छ आणि आपल्या फोनवर मात्र सगळीकडे खराब, विशेषतः नंबर पोर्ट केल्यावर किंवा अपडेटनंतर, तरच रीसेट. दुसऱ्या फोनमध्येही खराब, तर सरळ कंपनीकडे तक्रार करा.

प्रश्न : फक्त व्हॉट्सॲप कॉलच खराब येतात. मित्र म्हणाला, Clear storage कर.

मित्राचं ऐकू नका. Clear cache ने तात्पुरत्या फायली जातात, Clear storage ने त्या फोनवरच्या गप्पा पुसल्या जातात. बॅकअप जुना असेल, तर त्यानंतरचं संभाषण गेलं. आधी वाय-फाय आणि मोबाइल डेटा आलटून-पालटून वापरून बघा. एकावर नीट, दुसऱ्यावर खराब, तर दोष त्या जोडणीचा.

प्रश्न : आयफोनवर Reset All Settings केलं तर?

नेटवर्कबरोबर होम स्क्रीनची मांडणी, कीबोर्डने शिकलेले शब्द, लोकेशन आणि प्रायव्हसीच्या परवानग्याही मूळ पदावर येतात. फोटो राहतात. पण कॉलच्या आवाजासाठी एवढी उलथापालथ मी कुणाला सुचवत नाही. आणि त्याच ठिकाणच्या Erase All Content and Settings पासून लांबच राहा. त्याने फोन कोरा होतो.