'आगाऊ धन्यवाद' कुठे खटकतं आणि तिथे काय लिहावं

प्रश्न: मी मेलच्या शेवटी सवयीने 'आगाऊ धन्यवाद' लिहिते. परवा एका वरिष्ठांनी सांगितलं की ते गृहीत धरल्यासारखं वाटतं. खरंच तसं आहे का? मग लिहू तरी काय?

उत्तर:

वरिष्ठांचं म्हणणं मला पटतं, पण सरसकट नाही. काम छोटं असेल आणि ते करणं समोरच्याच्या जबाबदारीतच येत असेल, तर हे दोन शब्द कुणाला टोचत नाहीत. हिशेब विभागाकडे पगाराची पावती मागताना खुशाल लिहा. टोचतात ते 'नाही' म्हणायची मोकळीक असलेल्या माणसाला. आगाऊ रक्कम घेतली की माणूस कामाला बांधला जातो, तसंच आगाऊ आभारांचं होतं. आधी होकार, मग काम, मग आभार हा क्रम आपण उलटा करतो आणि नकार द्यायची वाट अवघड करून ठेवतो. शिवाय मराठीत 'आगाऊ' म्हणजे अगोचरही. त्यामुळे आपल्या भाषेत हा शेवट जरा जास्तच जपून वापरावा लागतो.

हे मी एका मेलवरून शिकलो. परिभाषेची चाळीस पानांची यादी तपासून हवी होती, म्हणून फारशी ओळख नसलेल्या एका जाणकार बाईंना लिहिलं:

"सोबत यादी जोडली आहे. कृपया शुक्रवारपर्यंत तपासून पाठवावी. आगाऊ धन्यवाद."

त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: "तपासते असं मी अजून म्हटलेलं नाही."

मला वाईट वाटलं, कारण मी मनापासून आभार मानले होते. पण मेल पुन्हा वाचल्यावर लक्षात आलं की त्यात प्रश्न कुठेच नव्हता. 'पाठवावी' हा आदेश, वर मुदत आणि त्यावर आभारांचा शिक्का. 'कृपया'ने त्यात काही फरक पडत नव्हता. तेव्हापासून मी शेवटची ओळ झाकून उरलेला मजकूर वाचतो. त्यात 'द्याल का', 'जमेल का' असं काही नसेल, तर शेवट कितीही गोड केला तरी मेल हुकूम दिल्यासारखीच वाटते. म्हणून दुरुस्ती आधी वरच्या ओळींत करायची. त्या बाईंची माफी मागून मी पुन्हा लिहिलं ते असं:

"यादीतल्या बारा शब्दांवर मी अडलो आहे, त्यांवर खूण केली आहे. तेवढे पाहून द्याल का? यादी २० तारखेला छपाईला जाणार आहे, त्यामुळे १५ पर्यंत मिळाले तर दुरुस्ती करता येईल. जमणार नसेल तर तेवढं कळवा, मी दुसरी सोय बघेन. पत्र वाचलंत, त्याबद्दल आभारी आहे."

इथेही आभार आहेतच, पण ते घडून गेलेल्या गोष्टीचे आहेत. ही ओळ वाचेपर्यंत त्यांनी पत्र वाचलेलं असतं, म्हणून त्यात गृहीत धरण्यासारखं काही उरत नाही. दुसरा मार्ग 'तर' घालायचा: "एवढं पाहून दिलंत तर आभारी राहीन." घाई नसेल तर "सवडीने कळवा" पुरतं. मात्र १५ तारीख खरंच गाठायची असेल तर 'सवडीने' लिहू नका. समोरचा ते शब्दशः घेतो आणि दोष त्याचा नसतो. "तसदीबद्दल क्षमस्व, नाही जमलं तरी काहीच हरकत नाही" हेही तसंच. संकोचापोटी आपण इतकं मऊ लिहितो की काम गरजेचं आहे हेच कळत नाही.

एक गोष्ट तुमच्या सवयीच्या बाजूने सांगतो. बूमरँग या ईमेल सेवेने २०१७ मध्ये साडेतीन लाखांवर ईमेल-संवाद तपासले. त्यात इंग्रजीतल्या याच शेवटाच्या मेलना सर्वाधिक, सुमारे ६६ टक्के उत्तरं आली होती. मी हा आकडा जपून वाचतो. असा शेवट मुळात काहीतरी मागणाऱ्या मेललाच असतो, आणि मागणी असली की उत्तर येण्याची शक्यता तशीही जास्त असते. उत्तर म्हणजे होकार नव्हे, आणि उत्तर देणाऱ्याला काय वाटलं हे त्यात मोजलेलं नाही.

आगाऊ आभारांचा आणखी एक तोटा असा की ते मानून झाले की काम झाल्यावर पुन्हा लिहायचं राहून जातं. खरी जागा तर तीच. बाईंनी बारापैकी नऊ शब्द बदलून पाठवले, तेव्हा मी लिहिलं: "'निचरा' आणि 'पाझर' यांतला फरक तुमच्या टिपेमुळे कळला. दोन्ही नोंदी बदलल्या आहेत, मनापासून धन्यवाद." पुढची यादी पाहाल का, हे मला विचारावं लागलं नाही. त्यांनीच ती मागवून घेतली.