वन बीएचके दाखवताना काय बोलायचं?

प्रश्न : सर, मी बी.कॉम. झालोय आणि डोंबिवलीत एका इस्टेट एजंटकडे काम करतो. रिसेलचे वन बीएचके दाखवतो. दार उघडून ‘हा हॉल, हे किचन’ म्हणेपर्यंत पार्टी ‘कळवतो’ म्हणून खाली उतरलेली असते. काय बोलायचं, सुरुवात कशी करायची, हे लिहून द्याल का?

उत्तर : पार्टीचा मूड बहुतेक वेळा दारातच जातो. जाहिरातीत तिने 550 चौरस फूट वाचलेलं असतं. त्यात जिना, लिफ्ट, लॉबीचा वाटा धरलेला असतो आणि प्रत्यक्षात समोर येतो 385 कार्पेटचा फ्लॅट. हा धक्का तू दाराबाहेरच देऊन टाक.

आपण 385 चा फ्लॅट धरू. हॉल 10 बाय 14, किचन 7 बाय 9, बेडरूम 10 बाय 11, बाथरूम 4 बाय 6, संडास 3 बाय 4 आणि पॅसेज 3 बाय 7. ही मापं मालकाच्या तोंडची घेऊ नकोस, टेप लावून स्वतः घे. खोल्यांची बेरीज 370 येते, उरलेले 15 फूट आतल्या भिंतींचे. रेराच्या व्याख्येत आतल्या भिंती कार्पेटमध्ये धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. हे सांगता आलं की समोरचा माणूस तुझं पुढचं बोलणं ऐकतो.

पार्टीच्या पंधरा मिनिटं आधी पोहोच. खिडक्या उघड, सगळे दिवे लाव, नळ सोडून बघ. मग किल्ली हातात ठेवून, दार बंद असतानाच बोल :

‘काका, काकू, आत जायच्या आधी एक सांगतो. घर मोजून 385 कार्पेट आहे. जाहिरातीतलं 550 सुपर बिल्ट-अप आहे. घर लहानच आहे. फक्त चालायला जाते अशी जागा म्हणजे सात फुटांचा पॅसेज, बाकी सगळी वापरात येते. आत गेल्यावर तुमचं सामान कुठे बसेल ते एकेक करून बघू.’

आता दार उघड आणि त्यांना आधी आत जाऊ दे. तू दारात उभा राहिलास तर हॉल तुझ्या पाठीएवढाच दिसेल. त्यांना खिडकीपर्यंत पोचू दे, मग बोल : ‘तीन सीटचा सोफा या लांब भिंतीला, टीव्ही समोर. डायनिंग टेबल कायमचं मांडलंत तर अडचण होईल, फोल्डिंगचं घ्यावं लागेल.’ अडचण तूच सांगितलीस म्हणजे सोफ्याचं पटतं.

किचनमध्ये काकूंना एकट्यांना आत जाऊ दे, तू आणि काका उंबऱ्याबाहेर. ‘ओटा नऊ फुटी भिंतीला आहे, दोन फूट खोल. समोरच्या भिंतीला फ्रिज लावला तरी मध्ये तीन फूट राहतात. वॉशिंग मशीन इथे बसणार नाही. त्याचा नळ आणि आउटलेट बाथरूममध्ये आहे, ते दाखवतो.’ मशीनचा प्रश्न वन बीएचकेत हमखास येतो. उत्तर आधीच तयार हवं, आणि आउटलेट खरंच आहे की नुसता नळ आहे, हे तू वाकून बघितलेलं हवं.

बाथरूम-संडासात फार बोलायचं नाही. नळ उघडून दाखव, पाणी किती वाजता येतं ते सांग. छताला ओल असेल तर बोट दाखवून तूच सांग, वरच्या घराची गळती सोसायटीने दुरुस्त केली की अजून बाकी आहे तेही. रंग मारून झाकलेली ओल पुढच्या पावसात वर येते आणि तेव्हा फोन तुलाच येतो.

बेडरूम शेवटी, कारण रिकामी खोली असते त्याहून लहान वाटते. इथे टेप बाहेर काढ आणि एक टोक काकांच्या हातात दे. ‘क्वीन बेड पाच बाय साडेसहा. डोकं या दहा फुटी भिंतीला ठेवलं तर पायाकडे साडेचार फूट उरतात. समोरच्या भिंतीला दोन फुटांचं कपाट लावलं तरी अडीच फूट चालायला आहेत, दीड फुटाचं दार आरामात उघडेल.’ स्वतः मोजलेल्या अडीच फुटांवर माणूस वाद घालत नाही. किंग साइज आणणार असतील तर स्पष्ट सांग की बेडच्या बाजूने चालायला जागा कमी पडेल.

आता परत हॉलमध्ये ये आणि एकच विचार : ‘तुमच्याकडचं असं काय आहे, जे इथे बसत नाही?’ ‘कसं वाटलं?’ विचारलंस तर ‘छान आहे, कळवतो’ हेच उत्तर येणार. या प्रश्नावर मात्र आजीची खाट, देवघर, मुलाचं अभ्यासाचं टेबल बाहेर येतं, आणि पुढच्या वेळी कोणता फ्लॅट दाखवायचा ते तुला कळतं. भाव, शेअर सर्टिफिकेट, मेंटेनन्स हे त्यानंतर. नवरा-बायको कुजबुजायला लागले तर फोन आल्याचं निमित्त करून जिन्यात जाऊन उभा राहा.

आणि महारेराची एजंटसाठीची परीक्षा देऊन टाक. रजिस्टर्ड प्रोजेक्टमधले नवे फ्लॅट स्वतःच्या नावाने विकायचे तर तुझी स्वतःची नोंदणी लागेल.